दोन झुरके आणि शंभरावा दिवस

आमच्या कारखान्यात त्याला सगळे झीरोसाहेब म्हणतात. तोंडावर नुसतं साहेब, पाठ फिरली की झीरोसाहेब. हे बारसं कसं झालं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल.

आम्ही पत्र्याचे भाग दाबून काढतो. प्रेस-शॉपच्या दारावर एक भलीमोठी पाटी आहे. ‘अपघाताविना दिवस’ असं वर लिहिलेलं आणि खाली आकड्यांच्या तीन पट्ट्या. रोज सकाळी पहिल्या पाळीला सुरक्षेचा सुपरवायझर, म्हणजे हाच, पट्टी बदलतो. शंभर दिवस झाले की प्रत्येकाला स्टीलचा डबा मिळतो. आता डबा काय आम्ही विकत घेऊ शकत नाही? पण फुकटच्या डब्यासाठी माणूस काय वाटेल ते करतो. एकदा पाटी अठ्ठ्याण्णववर होती आणि एकाने पायाचं बोट चेंगरून घेतलं. दोन दिवसांवर डबा! सगळ्यांनी गप्प बसायचं ठरवलं. ह्याने मात्र स्टुलावर चढून, तीनशे माणसांच्या शिव्या खात पाटी शून्यावर आणली. तेव्हापासून झीरोसाहेब.

मी ह्याच कारखान्यात स्टोअरकीपर. बावीस वर्षं आम्ही एकत्र चहा पितो, आणि त्यातली एकवीस वर्षं एकत्र सिगारेट ओढली. कारखान्यात ओढायला बंदी, म्हणून गेटसमोरच्या टपरीवर. सुरक्षेवर तासभर भाषण ठोकून हा माणूस घाम पुसत बाहेर यायचा आणि पहिल्या झुरक्याला डोळे मिटायचा. मी म्हणायचो, “साहेब, फुप्फुसांना हेल्मेट घाला.” तो हसायचा आणि दुसरी पेटवायचा.

त्याने सिगारेट सोडली नव्हती असं नाही. अकरा वेळा सोडली होती, मीच साक्षीदार. दर वेळी घरी जाऊन मुलीला सांगायचा, “सोडली गं.” मुलगी लहान असताना टाळ्या वाजवायची. मग चार दिवसांनी शर्टाचा वास घ्यायची आणि काही न बोलता निघून जायची. पुढे टाळ्याही बंद झाल्या. एकुलती एक मुलगी, पण बापलेकीचं बोलणं ‘जेवलात का’ आणि ‘हो’ ह्याच्या पुढे जाईना. मी तिला एवढीशी असल्यापासून ओळखतो, मला काका म्हणते. एकदा मला म्हणाली होती, “काका, बाबा सिगारेट ओढतात त्याचं एवढं नाही वाटत. खोटं बोलतात त्याचं वाटतं.” मी विषय बदलला. मी तरी काय बोलणार, माझ्याच खिशात पाकीट होतं.

मग तिला मुलगी झाली, दिवस भरायच्या आधीच. मूठभर जीव, फुप्फुसं कच्ची, कितीतरी दिवस ऑक्सिजनवर. ह्याने नातीला पाहिलं ते काचेतून. घरी सोडताना मुलांच्या डॉक्टरांनी बजावलं, की धूर तर लांबच, कपड्यांना धुराचा वास असलेला माणूसही बाळाजवळ नको. मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते. तिने बापाला फोनवर सांगितलं, “बाबा, तुमच्याकडे शंभर दिवसांना डबा मिळतो ना? मग शंभर दिवस न ओढता दाखवा. शंभराव्या दिवशी मी बाळाला घेऊन तुमच्याकडे येते. त्याच्या आधी नाही.”

हा फोन ठेवून माझ्याकडे आला, खिशातलं पाकीट काढून माझ्या काउंटरवर ठेवलं आणि म्हणाला, “हे जमा करून घे.” मी म्हटलं, “कुठल्या खात्यात दाखवू?” पण त्याचा चेहरा पाहून पुढची चेष्टा गिळली.

त्याने हे काम कारखान्याच्या पद्धतीनेच हाती घेतलं. दुसरी पद्धत त्याला येतच नाही. जुन्या पाटीच्या बाद झालेल्या पट्ट्या स्टोअरमधून मागून नेल्या आणि कपाटाच्या दाराला आतून लावल्या. शेवटची सिगारेट ओढली तो दिवस शून्य, दुसऱ्या दिवशी एक. शिवाय एक वही केली. आमच्याकडे अपघात होता होता टळला की त्याचीही नोंद करावी लागते. ‘थोडक्यात बचावलो’ असं त्या वहीचं नाव. तशीच ह्याची स्वतःची. ‘सकाळी सव्वादहा. चहानंतर तलफ. चार मिनिटं. पाणी प्यायलो, शॉपला फेरी मारली. बचावलो.’ असली पानंच्या पानं.

पहिले तीन दिवस माणूस ओळखू येत नव्हता. हात थरथरायचे, झोप नाही, वेल्डरवर असा खेकसला की वेल्डरने मास्क वर करून पाहिलं हाच आहे ना. कारखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी निकोटिनचा च्युइंग गम दिला. ह्याने तो बडीशेपेसारखा भराभर चावला आणि उचकी लागली. बाई म्हणाल्या, “अहो, थोडा चावायचा, जिभेला चुरचुरलं की गालात दाबून ठेवायचा.” तेव्हापासून हा एका बाजूचा गाल फुगवून फिरायचा. तिसऱ्या आठवड्यापासून जरा माणसात आला. वहीतल्या नोंदी दिवसाला पंधरावरून चारवर आल्या. घरी वहिनी रोज त्याच्या शर्टाचा वास घ्यायच्या आणि संध्याकाळी मुलीला फोन करून आकडा कळवायच्या. मुलगी आकडा आईलाच विचारायची. बापाला कधीच नाही.

त्रेचाळिसाव्या दिवशी दुपारी वहिनींचा फोन आला. बाळाला श्वास घ्यायला त्रास होतोय, परत दवाखान्यात ठेवलंय. ह्याला तिथे जायची परवानगी नव्हती. काय करणार? टपरीवर माझ्यासमोर बसला. दर दोन मिनिटांनी फोन बघायचा, परत खिशात ठेवायचा. माझ्या बोटांत पेटलेली सिगारेट होती. मला ती विझवायचं सुचलं नाही, हे आता कितीही वेळा म्हटलं तरी काय उपयोग. त्याने हात पुढे केला, ती घेतली, दोन झुरके मारले आणि परत माझ्या हातात दिली. आधी काय केलं ते त्यालाही कळलं नसावं. मग कळलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

रात्री आठला फोन आला, बाळ ठीक आहे, धोका टळला. पण त्याच्या आधी, संध्याकाळी पाचला, तो माझ्या स्टोअरमध्ये उभा होता. “संपलं,” म्हणाला. “त्रेचाळीस दिवस मातीत.”

आणि तेव्हा मी माझी अक्कल पाजळली. आमच्या पाटीचा नियम असा, की जखमी माणूस मलमपट्टी करून कामावर परतला आणि दुसऱ्या दिवशी पाळीला हजर राहिला, तर तो अपघात पाटीवर धरत नाहीत. त्याला प्रथमोपचाराची केस म्हणतात. दुसऱ्या दिवशीची पाळी बुडली, तरच पाटी शून्यावर. मी म्हटलं, “हे बघ, दोन झुरके म्हणजे खरचटलं. उद्या ओढलीस तर अपघात. उद्या नाही ओढलीस तर प्रथमोपचार. पाटी चालू.”

बुडत्याला एवढंही पुरतं. त्याने शर्ट बदलला, स्टोअरमधला नवा गणवेश घातला, घरी सांगितलं की ग्रीस सांडलं. शर्ट माझ्याकडेच राहिला. दुसऱ्या दिवशी ओढली नाही. कपाटावर चव्वेचाळीस लागला.

पाटी पुढे सरकत राहिली, पण माणूस तिथेच अडकला. पन्नास, साठ, सत्तर. प्रत्येक दहाला माणसाने खुलावं, तर हा अधिकच आक्रसायचा. गम सुटला, खोकला गेला, जिना चढताना धाप लागेना, आणि चेहरा मात्र कोणी मागे लागल्यासारखा. मला काहीबाही विचारायचा. “समज, माणूस दुसऱ्या दिवशी कामावर आला, पण आदल्या दिवशीची जखम त्याने लपवली, तर?” मी म्हणायचो, “समजायला मला वेळ नाही, माझा माल मोजायचाय.” एकदा डॉक्टरीणबाईंना म्हणे ‘एका मित्राबद्दल’ विचारलं. बाईंनी सरळ सांगितलं, “एकदा चूक झाली म्हणून आधीचे दिवस वाया जात नाहीत. शरीराला झालेला फायदा राहतो. सोडणाऱ्यांपैकी पुष्कळांचं असं होतं. लगेच परत सुरुवात करायची, एवढंच. मित्राने ते केलं ना?”

“केलं.”

“मग मित्राला सांगा, छान चाललंय. पण आपल्या माणसांना सांगून टाक म्हणावं. लपवलं की दुसऱ्या वेळी पाय लवकर घसरतो.”

हे त्याने मला सांगितलं आणि वर म्हणाला, “पहिलं वाक्य ऐकून बरं वाटलं, शेवटचं ऐकून जेवण गेलं नाही.”

नव्वदीनंतर तर त्याचा जीव टांगणीला लागला. शंभरावा दिवस रविवारी येत होता. मुलगी अकरा वाजता येणार होती. वहिनींनी पडदे धुतले, चादरी उन्हात घातल्या, भिंतीला धूर धरला असेल म्हणून रंग काढला. हा घरात उभा राहून ते सगळं बघायचा. नात आता साडेचार महिन्यांची, फोनवर हसताना दिसायची. हा फोन हातभर लांब धरायचा. फोनमधून वास जाणार होता की काय? पण मी हसलो नाही.

गुरुवारी, सत्त्याण्णवाव्या दिवशी, दोन नंबर प्रेसवाल्याचा अंगठा कापला. वीस वर्षांचा अनुभव असलेला कारागीर, पत्र्याची धार लागली. पेटीतली पट्टी बांधून पुन्हा मशीनवर उभा राहिला. प्रथमोपचार. पाटी एकशे सत्त्याऐंशीवर होती, दोनशेला दुसरा डबा, झाकणवाला. शुक्रवारी सकाळी तो माझ्या खिडकीशी आला, हात खिशात. अंगठा दुधी भोपळ्याएवढा. बाहेरच्या डॉक्टरांनी संध्याकाळी टाके घातले होते आणि तीन दिवस घरी बसायला सांगितलं होतं. त्याने चिठ्ठी लपवली. म्हणाला, “भाऊ, घरी बसलो तर पाटी शून्यावर जाते, पोरं मला खातील. हजेरी लावली आहे. आत बसू द्या.”

असं आमच्याकडे चालतं. जखमी माणूस हजेरी लावतो, कुठेतरी कोपऱ्यात बसतो, आणि कागदावर अपघात होत नाही. मी त्याला आत घेतलं, खोक्यावर बसवलं, पुढ्यात वॉशरचं डबडं ठेवलं. “मोज,” म्हटलं. एका हाताने मोजत बसला. शनिवारीही तोच खेळ.

शनिवारी तीनला झीरोसाहेब हातमोजे तपासायला आत आला आणि त्याची नजर खोक्यावर गेली.

“इथे काय करतोयस?”

“वॉशर मोजतोय, साहेब.”

“हात दाखव.”

प्रेसवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. मग त्याने हात काढला. ह्याने पट्टी न सोडता नुसता अंगठा निरखला, आणि अगदी हळू आवाजात विचारलं, “डॉक्टर काय म्हणाले?”

“तीन दिवस आराम.”

“मग घरी जा. पगार कापला जाणार नाही, मी बघतो. सोमवारी डॉक्टरीणबाईंना दाखव. पिकला तर अंगठा जाईल बाबा.”

प्रेसवाला रडवेला होऊन म्हणाला, “साहेब, पाटी...”

“पाटी माझ्याकडे लागली.”

तो स्टूल घेऊन गेला. पाळी बदलायची वेळ, सगळा शॉप जमलेला. त्याने सकाळची एकशे एकोणनव्वदची पट्टी उतरवली. शून्य लावेल असं आम्हाला वाटलं. पण त्याने दोनचा आकडा लावला. गुरुवारचा शून्य, शुक्रवारचा एक, शनिवारचा दोन. तेवढ्यातही हिशेब चोख. मागून कोणीतरी ओरडलं, “साहेब, आणखी अकरा दिवस डोळे मिटले असते तर काय आभाळ कोसळलं असतं?” कोणी शिट्टी मारली. तो खाली उतरला, स्टूल जागेवर ठेवलं आणि सरळ माझ्याकडे आला.

मी आपला माफी मागायच्या तयारीत. म्हटलं, “चुकलो. त्याची दया आली म्हणून...”

“दया माझीही आली होती तुला,” तो म्हणाला. “त्या दिवशी. माझेही दोन झुरके तू असेच आत खोक्यावर बसवून ठेवलेस. आठ आठवडे वॉशर मोजतायत.”

राग आला म्हणाल तर आला, आधी त्याचा, मग स्वतःचा. म्हटलं, “अरे, उद्या अकराला ती येतेय. एक रात्र राहिली. परवा सांग. बाळ एकदा मांडीवर घे आणि मग सांग. कोणाचं काय बिघडतंय?”

“खोटं बोलून घेऊ?”

“दोन झुरके रे!”

“तिला झुरक्याचं नाही वाटत,” तो म्हणाला. हे मला तिने सांगितलेलं होतं. त्याला कोणी सांगितलं होतं कोणास ठाऊक. बहुधा कोणी नाही.

त्याने फोन काढला. दोनदा चुकीच्या नावावर दाबलं. प्रेसच्या धडधडीत ऐकू येत नाही म्हणून त्याने आवाज मोठा केला. मी निघालो तर त्याने माझी बाही धरली. थांबलो.

“बाबा?” मुलीचा आवाज. “काय झालं? आई बरी आहे ना?” ह्याने तिला आपणहून फोन कधी केला असेल, की तिने दुसरं काही विचारावं?

“आई बरी आहे. ऐक. उद्या शंभर नाहीत.”

पलीकडून बाळाचा आवाज आला, नुसताच आ-आ असा.

“बाळ दवाखान्यात होतं त्या दिवशी मी दोन झुरके घेतले. त्रेचाळिसावा दिवस होता. तो शून्य. शर्ट बदलला आणि आईला ग्रीसचं खोटं सांगितलं. त्यानंतर एकही नाही.”

“म्हणजे आज किती?”

“छप्पन्न.”

तिने श्वास सोडलेला आम्हाला इथे ऐकू आला. मग म्हणाली, “मग उद्या मी नाही येत, बाबा.”

“हो. नको येऊस.”

“मी बॅग भरली होती. तिचं नवं झबलं काढून ठेवलं होतं.” तिचा आवाज चढला. “काय हो बाबा! त्रेचाळीस दिवस अजून!”

“त्रेचाळीस,” तो म्हणाला. “कमी करू नकोस.”

“नाहीच करणार.” मला वाटलं फोन ठेवला. ह्यालाही तसंच वाटलं, कारण त्याने पडद्याकडे पाहिलं. तेवढ्यात ती म्हणाली, “आईला माहीत आहे?”

“नाही. आधी तुला सांगितलं. आता तिला सांगेन.”

“बाबा,” ती म्हणाली, आणि ह्या वेळी आवाज वेगळा होता, लहानपणी टाळ्या वाजवायची तेव्हाचा नव्हे, पण त्याच्या आसपासचा. “आजवर तुमचं कधी शर्टाने सांगितलं, कधी आईने सांगितलं. तुम्ही कधी सांगितलं नव्हतं.”

ह्याने माझी बाही सोडली.

“उद्यापासून आईला नाही विचारणार. तुम्ही फोन करायचा. रोज. आकडा तुम्ही सांगायचा.”

“आणि परत चुकलो तर?”

“तर शून्य सांगायचं. जो सांगाल तो मी खरा धरीन.”

फोन बंद झाला. तो प्रेसवाल्याच्या त्या खोक्यावर बसला. पंचावन्न वर्षांचा माणूस, खांदे गदगदत होते, आणि माझ्याकडे पाठ. खिडकीशी दोघेजण हातमोजे मागायला आले होते. मी फळी ओढून घेतली आणि म्हटलं, “पाच मिनिटांनी या.”

मग त्याने नाक पुसलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं.

“छप्पन्नच ना रे?” त्याने विचारलं. “तू मोज. माझ्यावर विसंबू नकोस. तिला उद्या सांगायचंय.”

मी कॅलेंडर खाली काढलं, त्या दिवसावर बोट ठेवलं आणि एकेक दिवस मोठ्याने मोजत आलो. छप्पन्नच होते.